चालू काम काढून दुसरं दिलं, पटत नसेल तर साहेबांना मेसेज कसा लिहायचा?

प्रश्न: माझं हातातलं काम मॅनेजरनं सहकाऱ्याला दिलं आणि मला वेगळ्याच कामावर टाकलं. मला ते पटलेलं नाही. उद्धट न वाटता तसं कसं लिहू? पर्याय सुचवला तर चालेल का?

उत्तर:

पर्याय सुचवलाच पाहिजे, पण त्याआधी साहेबांनी बदल कशासाठी केला हे कळायला हवं. मला हे कळलं ते स्वतःवर वेळ आल्यावर, म्हणून तोच प्रसंग सांगते.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. मे महिना म्हणजे आमच्याकडं जीव मुठीत धरून काम करायचे दिवस. जूनमध्ये पाऊस पडला की शेतकरी सोयाबीन पेरणार, त्याआधी गोदामातल्या प्रत्येक लॉटची उगवण पुन्हा तपासून व्हायला हवी. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवण लागते. या बियाचं साल पातळ असतं, पोतं जोरात आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो, त्यामुळं आधी चांगला आलेला लॉट मे महिन्यात घसरलेला सापडू शकतो.

२० तारखेला मी ९ लॉट वाळूच्या ट्रेमध्ये लावले होते. प्रत्येक लॉटचे ४०० दाणे, शंभर-शंभराचे चार भाग. २५ अंश तापमानात पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची, म्हणजे २५ आणि २८ तारीख. आणि २१ ला संध्याकाळी सरांचा मेसेज आला: "मॅडम, टेस्टिंग आता नवीन मुलाकडं द्या. तुम्ही २३ ते ३० परभणी-हिंगोली डीलर व्हिजिट करा."

माझं डोकं सणकलं. रात्री लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "सर, मला न विचारता हे ठरवलंत. दरवर्षी सीझनच्या तोंडावर असंच होतं. त्या मुलाला अजून अनुभव नाही, उद्या लॉट फेल गेला तर जबाबदारी कोणाची?" पाठवला नाही, हे बरं झालं. त्यात माझा राग होता, एका पोराची उणीदुणी होती आणि साहेबांनी पुढं काय करायचं याबद्दल एक अक्षर नव्हतं. असा मेसेज वाचणारा माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, कामाचा विचार नंतर. "दरवर्षी", "नेहमी", "मला न विचारता" हे शब्द तुमच्या मसुद्यात असतील तर आधी ते काढा.

सकाळी मी सरांना फोन करून एवढंच विचारलं, "सर, दौरा याच आठवड्यात का लागतोय?" तेव्हा कळलं, त्या भागातले आमचे विक्री अधिकारी आजारी पडले होते आणि डीलर ऑर्डर नोंदवायला थांबले होते. डीलरांना लॉटबद्दल खात्रीनं बोलणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून माझं नाव निघालं. म्हणजे सरांची अडचण खरी होती. मी नुसतं "नको" म्हटलं असतं तर ती तशीच त्यांच्या डोक्यावर राहिली असती.

मग ट्रेकडं नव्यानं पाहिलं. मोजणी फक्त २५ आणि २८ ला आहे. मधल्या दिवसांत ओल आणि तापमान पाहणं एवढंच काम, ते कोणीही नीट करू शकतं. पण दोन्ही मोजण्या एकाच नजरेच्या हव्यात, कारण पाचव्या दिवशी चांगली रोपं मोजून काढून टाकतो आणि शंका असलेली ठेवतो. मुळाला चीर असलेलं, दल तुटलेलं रोप सामान्य धरायचं की असामान्य, हा निर्णय आठव्या दिवशी होतो. काढलेली रोपं तोवर गेलेली असतात, त्यामुळं दुसऱ्या माणसाला ती पाहून ताळा करता येत नाही. ७० च्या आसपासच्या लॉटमध्ये दोन-तीन रोपांचा फरकही लॉट इकडचा तिकडं करतो.

जालन्याहून सेलू, मानवत रोड, परभणी एकाच रेल्वेमार्गावर आहेत, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. हे लक्षात आल्यावर पर्याय आपोआप तयार झाला. पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार सर. दौऱ्याची निकड समजली, डीलरांना भेटायला मी तयार आहे. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे: २० तारखेला लावलेल्या ९ लॉटची मोजणी मध्येच दुसऱ्याकडं देऊ नये असं मला वाटतं. २५ ची आणि २८ ची मोजणी एकाच व्यक्तीनं केली नाही तर ७० टक्क्यांजवळच्या लॉटचा निकाल पक्का धरता येणार नाही.
पर्याय असा सुचवते: २३, २४ ला सेलू आणि मानवत, रात्री परत. २५ ला मोजणी. २६, २७ ला परभणी. २८ ला शेवटची मोजणी आणि संध्याकाळी निकाल तुमच्याकडं. २९, ३० ला हिंगोली आणि वसमत. मधल्या दिवसांत ट्रेची ओल आणि तापमान नवीन सहकारी पाहतील, दोन्ही मोजण्यांना ते माझ्यासोबत बसतील. पुढच्या लॉटपासून टेस्टिंग पूर्ण त्यांच्याकडं.
हे चालेल का? आज ५ पर्यंत कळवलंत तर उद्याची सकाळची गाडी धरते."

यात असहमतीचं वाक्य एकच आहे आणि ते आडून सांगितलेलं नाही. "काही हरकत नसेल तर", "लहान तोंडी मोठा घास" असलं पाल्हाळ मी टाळलं, कारण त्यानं मुद्दा हरवतो आणि साहेबांना वाटतं, हिला तसं फारसं वावगं नाही. कारण ट्रेचं आणि तारखांचं दिलं, सहकाऱ्याच्या लायकीचं नाही. तो मुलगा परभणीहून कृषी पदवी घेऊन आलेला, मेहनती होता. मेसेज पुढं पाठवला गेला आणि त्यानं वाचला असता तरी मला मान खाली घालावी लागली नसती. तुम्हीही तुमचा मसुदा त्या सहकाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा वाचा. आणि ग्रुपवर टाकू नका. चार जणांसमोर साहेबाला माघार घेणं जड जातं, एकट्याला लिहिलं तर बदल करणं सोपं जातं.

सरांनी बराचसा पर्याय मान्य केला. फक्त परभणीच्या दोन दिवसांपैकी २७ ला हिंगोलीला जा म्हणाले, तिथला एक मोठा डीलर थांबणार नव्हता. मी गेले, रात्री उशिरा परत आले, २८ ला सकाळी मोजायला बसले. एक लॉट ६६ वर आला आणि विक्रीतून बाजूला निघाला.

साहेब "बघू" म्हणाले तर त्याला होकार समजू नका. ठरलेल्या वेळेनंतर एकदा विचारा. आणि सरळ नकार आला तर वाद पुढं न वाढवता मी असं लिहिलं असतं: "ठीक आहे सर, उद्या निघते. २५ ची मोजणी कोण करणार तेवढं सांगा, आज संध्याकाळी त्यांना ट्रे आणि नोंदवही समजावून देते." काम सुटलं तरी मोजणीची तारीख आणि ती कोण करणार हे लेखी राहतं.