मैत्रिणीचे बाबा मागच्या आठवड्यात गेले. तिला मेसेज करताना 'बाबा खूप प्रेमळ आहेत' लिहू की 'होते'? 'आहेत' विचित्र वाटतं आणि 'होते' लिहवत नाही.

'होते' चूक नाहीये, पण सुरुवातीच्या दिवसांत टोचतं. मी स्वतः हे करून बसलोय. मित्राची ताई गेली तेव्हा चौथ्या दिवशी त्याला लिहिलं, 'ताई फार मनमोकळी होती रे'. रिप्लाय एकच शब्द, 'होती?' आणि मग दोन दिवस काहीच नाही. नंतर तो आपणहून लिहायला लागला तेव्हा एकाच मेसेजमध्ये 'ताईला माझं अक्षर अजिबात आवडत नाही' आणि 'ती असती तर हसली असती' असं दोन्ही आलं. तो काय व्याकरण चुकत नव्हता, त्याच्यासाठी तेव्हा दोन्ही खरं होतं. मी मात्र त्याच्या आधीच निकाल लावून मोकळा झालो होतो.

तुला 'आहेत'ही लिहायची गरज नाही, कारण मराठीत मधली जागा बरीच आहे. 'काकांनी मला सायकल शिकवली होती' लिहिलंस की ती गोष्ट मागे कुठेतरी बंद होऊन जाते, पण 'काकांनी मला सायकल शिकवलीय' म्हटलं की शिकवणं झालेलं असलं तरी सायकल अजून येतेय, म्हणजे त्यातलं काहीतरी चालू आहे. किंवा क्रियापद माणसाला न लावता त्याच्या एखाद्या गोष्टीला लाव, 'काकांची ती दारातूनच मारलेली हाक अजून कानात आहे'. इथे 'आहे' हाकेचं आहे, त्यामुळे खोटंही नाही आणि जखमेवर बोटही नाही. सवयींसाठी 'आवडायचं', 'म्हणायचे' चालतं, 'होते'पेक्षा बरंच मऊ, कारण त्यात शेवट ऐकू येत नाही, रोजचं काहीतरी ऐकू येतं. आणि नातं शक्यतो भूतकाळात नकोच, 'ते तुझे बाबा होते' वाचलं की नातंच संपल्यासारखं वाटतं.

हे सगळं ज्याला बातमी माहितीये त्याच्यासाठी हां. ज्याला माहीत नाही त्याला 'काकांना गाणी आवडायची' लिहिलंस तर तो समजेल आता आवड बदलली, आणि 'आहेत' लिहिलंस तर उद्या तो तिलाच विचारेल, बाबा कसे आहेत. त्याला आधी सरळ 'काका गेले' सांग, मग बाकीचं.

तिच्या रिप्लायमध्ये ती कुठला काळ वापरतेय ते बघ आणि तोच धर. ती 'बाबांना आवडतं' लिहीत असेल तर दुरुस्त करू नकोस, आणि ती स्वतः 'होते'वर आली तर तूही ये, तेव्हा 'आहेत'ला चिकटून राहिलीस तर तिला उगाच वाटेल की तुला ते मान्यच करायचं नाहीये.