लवकर निवृत्तीसाठी खर्चाच्या 25 पट पुरतील का?

प्रश्न: वय 38, जळगावात नोकरी. घरखर्च महिना 40 हजार, आतापर्यंतची बचत 35 लाख. 48 व्या वर्षी नोकरी सोडायची आहे. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट, म्हणजे 1 कोटी 20 लाख जमले की झालं, असं ऐकलंय. रावेरकडे 3 एकर केळीही आहे. पुरेल ना?

उत्तर:

नाही पुरणार, भाऊ. आणि कमी थोडं थोडकं नाही, जवळजवळ निम्मं पडेल. मी भुसावळची. माझ्या नवऱ्याने 2019 च्या डिसेंबरात, 49 व्या वर्षी नोकरी सोडली. त्याआधी चार वर्षं घरचा हा हिशोब मीच मांडत होते, म्हणून कुठे चूक होते ते सांगू शकते.

पहिली चूक अशी की 40 हजार हा आजचा खर्च आहे आणि तुम्ही नोकरी सोडणार दहा वर्षांनी. महागाई 6 टक्के धरली तर आजचे वर्षाचे 4 लाख 80 हजार तेव्हा साधारण 8 लाख 60 हजार होतात. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट 4 टक्के आहे, हे मला माहीत आहे. पण शाळेची फी आणि दवाखाना त्या आकड्यात राहत नाहीत, म्हणून मी 6 च्या खाली जात नाही. 8 लाख 60 हजारांचे 25 पट म्हणजे 2 कोटी 15 लाख.

आता ते 25. हा आकडा विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराच्या 1994 च्या अभ्यासातून आला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमलेल्या पैशातले 4 टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करायची, तर पैसा 30 वर्षं टिकतो का, हे त्याने तपासलं. तेही तिथल्या शेअर बाजाराच्या, तिथल्या रोख्यांच्या आणि तिथल्या महागाईच्या आकड्यांवर. तुम्ही 48 व्या वर्षी थांबलात तर 88 पर्यंतची 40 वर्षं धरावी लागतात, आणि देश वेगळा.

म्हणून 25 पाठ करू नका, स्वतःचा आकडा काढा. तो एकाच गोष्टीवर हलतो: कर वजा जाता पैशावर मिळणारा परतावा महागाईपेक्षा किती जास्त आहे. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=PV(2%,40,-1,0,1)
```

यात 2% म्हणजे महागाईच्या वरचा परतावा आणि 40 म्हणजे वर्षं. उत्तर जवळपास 28 येतं. 3 टक्के टाकलेत तर 24. 1 टक्का टाकलात तर 33. आणि शून्य टाकलं तर सरळ 40. आपल्याकडे सगळा पैसा एफडीत ठेवून निवांत बसणारे बरेच आहेत. कर गेल्यावर एफडीचं व्याज महागाईच्या आसपासच उरतं, म्हणजे त्यांचं गणित 40 पटीच्या जवळचं असतं. मी स्वतः 2 टक्के धरते. निम्म्याहून थोडा जास्त पैसा शेअरच्या म्युच्युअल फंडात आणि बाकीचा एफडी-पीपीएफमध्ये असेल तर तेवढं धरणं मला झेपतं. 28 पटीने तुमचं लक्ष्य 2 कोटी 41 लाखांवर जातं.

दर महिन्याला किती टाकायचे? आधीचे 35 लाख 10 टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांत 91 लाखांच्या आसपास होतील. उरलेल्या दीड कोटीसाठी महिना सुमारे 75 हजार लागतात. रक्कम दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढवत नेली तर 55 हजारांपासून सुरुवात करता येते. पण 10 ऐवजी 8 टक्केच मिळाले तर तेच 75 हजार 91 हजारांवर जातात. तुमच्या पगारातून हे निघत नसेल तर वय बदलून बघा. 48 ऐवजी 50 ला थांबलात तर 38 वर्षांसाठी 27 पट धरून लक्ष्य 2 कोटी 61 लाख होतं, पण महिन्याचा हप्ता 75 हजारांवरून 56 हजारांवर येतो. दोन वर्षांनी एवढा फरक पडतो, कारण जमवायला दोन वर्षं जास्त मिळतात आणि जुन्या 35 लाखांनाही वाढायला तेवढाच वेळ मिळतो.

आता तुमचे 40 हजार खरे आहेत का ते बघा. माझ्या वहीत महिन्याचा खर्च 32 हजार होता. मग पासबुकातून वर्षभरात बाहेर गेलेले सगळे पैसे बेरजेला घेतले, 12 ने भागले, तर आले 43 हजार. कानबाईचे रोट, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची साडीचोळी, भावकीतली लग्नं, गाडीचा विमा, एप्रिल-मेमधलं कूलर-एसीचं बिल, यातलं काहीच 'महिन्याच्या' वहीत नव्हतं. तुमचा खर्च 5 हजारांनी जास्त निघाला तर लक्ष्य 30 लाखांनी वर जातं. मुलांचं शिक्षण आणि लग्न या पटीत घालू नका, त्याची बचत वेगळी. आरोग्य विमाही नोकरीत असतानाच स्वतःच्या नावावर घ्या, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो.

केळीचं उत्पन्न मूळ हिशोबात धरू नका. एका वादळात उभी बाग आडवी होते, लागवडीलाच सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात, आणि माल चांगला असला तरी भाव आपल्या हातात नसतो. मागच्या सात वर्षांत खर्च जाऊन खरोखर हातात काय राहिलं ते लिहा आणि त्यातलं सगळ्यात वाईट वर्ष धरा. ते शून्याच्या खाली असेल तर तेवढी रक्कम तुमच्या खर्चात मिळवा.

शेवटची परीक्षा सगळ्यात कठीण, आणि ती आम्ही दिली. सरासरी परतावा ठीक असला तरी पहिली दोन-चार वर्षं वाईट गेली तर गणित मोडतं. समजा 2 कोटी 40 लाखांत 60 टक्के शेअर आहेत आणि पहिल्याच वर्षी ते निम्मे झाले. पहिला खर्च काढून आणि एफडीचं व्याज धरूनही 1 कोटी 69 लाख उरतात. पुढच्या वर्षाचा खर्च 9 लाखांवर गेलेला असतो. म्हणजे 28 पट वर्षभरात साडेअठरा पटीवर येतात. बाजार नंतर वर येतो, पण मधल्या काळात पडत्या भावाने विकलेली युनिट परत येत नाहीत.

नवऱ्याने नोकरी सोडून तीन महिने झाले होते. सेन्सेक्स जानेवारी 2020 मध्ये 42 हजारांच्या आसपास होता, 23 मार्चला 26 हजारांच्या खाली आला. त्या आठवड्यात घरात कुणी नीट जेवलं नाही. आम्ही टिकलो ते एकाच गोष्टीमुळे: साडेतीन वर्षांचा खर्च एफडीत वेगळा ठेवला होता, म्हणून एकही युनिट विकावं लागलं नाही. नोव्हेंबरपर्यंत सेन्सेक्स जुन्या पातळीवर आला. पण 2008 सारखी मोठी पडझड असती तर तीच एफडी जवळजवळ तीन वर्षं खावी लागली असती.

तुमच्या स्प्रेडशीटमध्ये पहिलं वर्ष असंच वाईट घालून बघा. नंतरच्या वर्षांत 8 टक्के परतावा धरून पैसा वयाच्या कितव्या वर्षी संपतो ते पाहा. 75 च्या आधी संपत असेल तर मी 48 ला राजीनामा दिला नसता, 50 धरलं असतं.