चार ठिकाणी लॉगिन म्हणजे चार एन्क्वायऱ्या

«कारलोनसाठी चार बँकांत विचारलं तर सिबिल स्कोअर खरंच पडतो का? मग स्वस्त व्याजदर शोधायचा तरी कसा?»

पडतो, पण तो विचारल्याने नाही, अर्ज केल्याने. शाखेत जाऊन दर विचारलात तर कुठेही नोंद होत नाही. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट स्वतः कितीदाही काढलात तरी स्कोअर हलत नाही. पण अर्जावर बँकेने तुमचा रिपोर्ट मागवला की तिथे हार्ड एन्क्वायरी, म्हणजे कर्जासाठी चौकशी झाल्याची नोंद, पडते.

खरा घोळ शोरूमच्या टेबलावर होतो. समजा, तुम्हाला ६ लाखांचं कर्ज हवंय. एजंट एकच फॉर्म भरून घेतो, पॅन घेतो, ओटीपी विचारतो आणि म्हणतो, "चार ठिकाणी लॉगिन करून ठेवतो, जिथे पास होईल तिथे घेऊ." लॉगिन म्हणजे त्या बँकेत अर्ज टाकणं. ग्राहकाला वाटतं आपण एकच फॉर्म भरला. रिपोर्टमध्ये मात्र चार ओळी येतात: बँकेचं नाव, तारीख, ऑटो लोन, ६,००,०००. त्यातल्या कुणी होकार दिला, कुणी नकार, हे तिथे लिहिलेलं नसतं. पाचव्या बँकेला दिसतं ते एवढंच की चौघांकडे मागणी झाली आणि कर्ज एकही उघडलं नाही. चौघांनी नाकारलं असणार, नाहीतर माणूस पैशासाठी धावाधाव करतोय, असाच अर्थ ती काढते. तुम्ही फक्त दर तोलून बघत होतात, हे तिला कळायला मार्गच नाही.

"एकाच आठवड्यातल्या एन्क्वायऱ्या एकच धरतात" असं एजंट छातीठोकपणे सांगतात. ती सवलत अमेरिकेतल्या फायको स्कोअरची आहे. तिथे गाडी किंवा घराच्या कर्जासाठी ठरावीक दिवसांतल्या चौकश्या एकत्र मोजतात, नव्या आवृत्त्यांत ४५ दिवसांपर्यंत. तिच्या भरवशावर इथे चार फायली टाकू नका.

आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो पूर्ण मोफत मिळतो. तो स्कोअर आणि पगाराची स्लिप घेऊन तीन-चार शाखांत दर, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार तोंडी विचारा. ओटीपी द्यायचा तो ठरलेल्या एकाच बँकेला. तिने नाकारलं तर कारण विचारा. तेच कारण घेऊन दुसऱ्या दिवशी दुसरीकडे अर्ज करणं म्हणजे आणखी एक ओळ वाढवणं.

एक सांगायचं राहिलं. एकट्या एन्क्वायरीने स्कोअर थोडाच उतरतो, चुकलेला हप्ता त्याहून कितीतरी जास्त दुखवतो. पण ज्यांचं पहिलंच कर्ज आहे, त्यांच्या रिपोर्टमध्ये बघायला दुसरं काही नसतं, म्हणून त्यांना या चार ओळी जड जातात.

रिपोर्ट उघडला गेल्याचा एसएमएस किंवा ईमेल येतो, तो वाचत जा. तुम्ही अर्जच न केलेल्या बँकेचं नाव दिसलं तर ब्युरोच्या साइटवर त्या ओळीवर डिस्प्यूट टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.