पहिली नोकरी: फ्रंटएंड की बॅकएंड?

"दादा, मी ऐरोलीला राहते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन-तीन वर्षं इथे नोकरी करून जर्मनीला यायचं आहे. पहिली नोकरी फ्रंटएंडची बघू की बॅकएंडची? व्हिसाला काही फरक पडतो का?"

व्हिसाचं आधी उरकतो. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या लोकांचा इथला नोकरीचा परवाना, त्यासाठी डिग्री, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट आणि पगार बघतात. तू बटणं बनवतेस की डेटाबेस सांभाळतेस, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. तुझं विद्यापीठ आणि डिग्री `anabin` या परदेशी डिग्र्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये कशी नोंदवली आहे ते मात्र आत्ताच बघून ठेव.

आता मुख्य गोष्ट. माझी पहिली नोकरी नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत होती, काम फ्रंटएंडचं. आमच्या क्लायंटचं डबे मागवायचं ॲप होतं. तक्रार यायची, "एक डबा मागवला, दोन आले, पैसेही दोनदा कापले." मी म्हटलं, सोपं आहे, लोक बटण दोनदा दाबतात. एकदा दाबलं की बटण `disabled` करून टाकलं. तक्रारी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

कारण कळायला आठवडा गेला. माणूस ठाणे-वाशी लोकलमध्ये उभा. ऑर्डर सर्व्हरपर्यंत पोचते, डेटाबेसमध्ये ओळ पडते, पण उत्तर परत येईपर्यंत रेंज जाते. स्क्रीनवर "काहीतरी चुकलं". तो बिचारा पान रिफ्रेश करतो आणि पुन्हा दाबतो. पान नवं, त्यामुळे बटणही नवं. माझं `disabled` तिथे काय करणार?

मग आमच्या बॅकएंडवाल्याने कोड लिहिला: अशी ऑर्डर आधीच आहे का बघ, नसेल तर टाक. तेही फसलं. दोन रिक्वेस्ट जवळजवळ एकदमच आल्या, दोघींनी बघितलं, दोघींना "नाही" दिसलं, दोघींनी टाकली. शेवटी राखण डेटाबेसवरच सोपवली:

```sql
ALTER TABLE orders
ADD CONSTRAINT one_request UNIQUE (request_key);
```

प्रत्येक ऑर्डरबरोबर एक किल्ली यायची, तीच ही `request_key`. एकाच किल्लीची दुसरी ओळ आता डेटाबेस घेतच नाही. सर्व्हरने ती एरर पकडायची आणि ग्राहकाला पहिल्याच ऑर्डरचं उत्तर द्यायचं. पण ही किल्ली जन्माला यायची फ्रंटएंडमध्ये. मी ती `crypto.randomUUID()` ने बटण दाबल्यावर बनवत होतो, म्हणजे दर दाबण्याला नवी किल्ली, आणि डेटाबेसच्या लेखी प्रत्येक ऑर्डर वेगळी! ती ऑर्डरचा फॉर्म उघडतानाच बनवून `sessionStorage` मध्ये ठेवली, रिफ्रेशनंतर तीच वापरली आणि ऑर्डर पक्की झाली की पुसली, तेव्हा कुठे डबे एकेक जायला लागले. (हे फंक्शन `localhost` वर चालतं, पण मोबाईलवरून साध्या `http://192.168...` पत्त्यावर चालत नाही, HTTPS लागतं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.)

यातला माझा भाग तू घरबसल्या शिकू शकतेस. क्रोमच्या `Network` टॅबमध्ये `Offline` निवड आणि आपलं पान कसं रडतं ते बघ. पण दोन रिक्वेस्ट एकदमच येणं, लाखो ओळींच्या टेबलमध्ये चालू धंद्यात कॉलम वाढवणं, रात्री लॉग चाळून कुठली ऑर्डर कुठे हरवली ते शोधणं, हे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सहसा अंगावर येत नाही, कारण तिथे वापरणारी तूच असतेस. म्हणून तुझ्या जागी मी पहिली नोकरी बॅकएंडची धरीन. घरी न मिळणारी गोष्ट कंपनीच्या खर्चाने शिकावी, हा आपला ठाणेकर हिशोब.

आणखी एक, हा फक्त माझा अनुभव. इथे जर्मनीत फ्रंटएंडला डिझायनर आणि धंद्याकडच्या लोकांबरोबर सतत बोलावं लागतं आणि ते बोलणं पटकन जर्मनवर घसरतं. माझं जर्मन कच्चं होतं तेव्हा मीटिंगमध्ये मी नुसता मान हलवायचो. बॅकएंडच्या टीमचं इंग्रजीवर बऱ्यापैकी भागत होतं.

पण स्क्रीनवर दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी तुला चैन पडत नसेल, तर माझं ऐकू नकोस, फ्रंटएंडच घे. फक्त ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असं पान बनवणं, नीट शिक. युरोपात 28 जून 2025 पासून ऑनलाइन दुकानं, बँकिंग वगैरे सेवांना ॲक्सेसिबिलिटीचा कायदा लागू आहे. `<div>` ला क्लिक लावून बनवलेलं बटण माऊसने छान चालतं, पण `Tab` दाबत गेलं की त्यावर फोकसच येत नाही. तुझा एखादा प्रोजेक्ट उघड, माऊस बाजूला ठेव आणि फक्त कीबोर्डवर एक ऑर्डर पूर्ण करून बघ. कुठे अडकतेस ते मला लिही.