‘मी मराठीतच बोलतोय ना?’

ताई, सादर नमस्कार.
मी चाकणजवळच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगचे काम पाहते. क्वालिटी विभागात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांच्याशी माझे बोलणे नेहमी फिसकटते. ते “सोमवारी देतो” म्हणतात, मी सोमवारची गाडी सांगून ठेवते आणि माल बुधवारी हातात पडतो. मध्यंतरी कंपनीने ‘ऍक्टिव्ह लिसनिंग’चे प्रशिक्षण दिले. त्यात शिकवल्याप्रमाणे मी दुपारच्या मीटिंगमध्ये “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की...” अशी सुरुवात केली, तर ते सगळ्यांदेखत म्हणाले, “मी मराठीतच बोलतोय ना?” सगळे हसले. शिवाय त्यांचे म्हणणे मीच बोलून दाखवले, तर मला ते मान्य आहे असा अर्थ होत नाही का? हे तंत्र आपल्याकडच्या ऑफिसात चालते, की सोडून द्यावे?
– एक वाचक, चाकण

सप्रेम नमस्कार.

तंत्र ठेवा, प्रशिक्षणातून आलेले ते ठरावीक वाक्य मात्र आजच सोडून द्या. ज्या कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनातून ही पद्धत आली, त्यांनी १९५२ मध्ये वादविवादासाठी एक साधा नियम सुचवला होता. आधीच्या माणसाचे म्हणणे आणि त्यामागची भावना, त्या माणसाचे समाधान होईल इतक्या नेमकेपणाने सांगितल्याशिवाय कोणी स्वतःचा मुद्दा मांडायचा नाही, असा तो नियम. यात ‘त्या माणसाचे समाधान’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्याला कळले की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही, तो बोलणाऱ्याकडे जातो. पुढे १९५७ मध्ये रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी हीच पद्धत उद्योगक्षेत्रातल्या लोकांसाठी मांडली. एका दिवसाच्या प्रशिक्षणात मात्र तिची बहुधा एक वाक्यरचनाच उरते, आणि ती ऐकणाऱ्याला कृत्रिम वाटली तर त्यात नवल नाही.

तुमच्या बाबतीत दोन वेगळी कामे एकाच वाक्यात कोंबली गेली, असे मला वाटते. तारीख, नग, वेळ, कोण काय करणार या गोष्टी जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या असतात. त्याला आपण खातरजमा म्हणू. वैमानिक नियंत्रण कक्षाकडून मिळालेली सूचना शब्दशः परत वाचून दाखवतो, ती अशीच खातरजमा असते, आणि तिथे शब्द बदलणे हाच दोष ठरतो. समोरच्याने जे अर्धवट सांगितले, सुचवून सोडले किंवा गृहीत धरले, ते आपल्या शब्दांत परत मांडणे हे दुसरे काम, आणि ‘रिफ्लेक्टिव्ह लिसनिंग’ म्हणतात ते खरे हेच. इथे तेच शब्द परत दिले, तर पोपटपंची होते. काका “सोमवारी देतो” म्हणाले आणि तुम्ही “म्हणजे तुम्ही सोमवारी देणार आहात का?” असे विचारले असेल, तर त्यांना त्यात ऐकून घेणे दिसले नसणार. त्यांना त्यात अविश्वास दिसला असणार. चार माणसांसमोर एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या शब्दाची अशी तपासणी झाली, की तो टोमणा मारूनच मोकळा होतो.

मग करायचे काय, तर प्रश्न न विचारता विधान करायचे, आणि ते त्यांच्या बोलण्यापेक्षा लहान ठेवायचे. “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का” ही प्रस्तावना पूर्ण गाळा आणि वाक्याच्या शेवटी आवाज वर न नेता खाली आणा. “तुम्हाला वेळ कमी पडतोय का?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते, आणि स्वाभिमानी माणूस ‘नाही’ म्हणतो. “तपासणीला वेळ पुरत नाहीये” असे शांतपणे म्हटले, तर समोरचा त्यात आपणहून भर घालतो किंवा ते दुरुस्त करतो. ते वाक्य म्हणून झाल्यावर मात्र गप्प राहा. तीन-चार सेकंदांची शांतता तुम्हाला फार लांब वाटेल आणि ती भरून काढण्यासाठी तुम्ही लगेच गाडीचा विषय काढाल; तो काढू नका, कारण खरी माहिती बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच येते.

हे प्रत्यक्षात कसे उतरते, ते तुमच्यासारख्याच एका प्रसंगाची कल्पना करून पाहू. हाउसिंग नावाचे ४०० सुटे भाग सोमवारी रवाना करायचे आहेत आणि काका म्हणतात, “सोमवारी देतो म्हटलंय ना. पण दर वेळी सगळं शेवटच्या क्षणाला माझ्याच टेबलावर येऊन पडतं.” आपल्या सवयीचे उत्तर असे असते: “अहो काका, पण मशीन शॉपकडे मीच किती पाठपुरावा केलाय!” हे उत्तर खोटे नाही, पण ते फक्त आपली बाजू मांडते. काकांच्या दुसऱ्या वाक्यातली तक्रार तिथेच विरते आणि मागे उरते ते पहिले वाक्य, म्हणजे ‘सोमवारी देतो’. तुम्ही तेवढेच घेऊन जागेवर परत येता आणि गाडी सांगता.

आता दुसरे उत्तर पाहा. “मशीन शॉप उशीर करतं आणि नग अडकले की नाव तुमचं येतं.” हा अंदाज आहे आणि तो चुकूही शकतो. समजा, तो चुकलाच आणि काका म्हणाले, “मशीन शॉपचं काही नाही हो या वेळी. प्लग गेज कॅलिब्रेशनला गेलंय. एकेक बोअर सीएमएमवर बघायचा म्हणजे नगाला सहा मिनिटं.” चुकीच्या अंदाजाने तुमचे काहीच बिघडले नाही, उलट जी अडचण त्यांनी स्वतःहून सांगितली नसती, ती तो अंदाज दुरुस्त करण्याच्या ओघात त्यांनी सांगून टाकली. भोकाचे माप झटपट तपासायचे साधन, म्हणजे प्लग गेज, स्वतःच अचूकतेच्या तपासणीला गेले आहे, म्हणून तेच माप सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर घ्यावे लागते आहे. नगाला सहा मिनिटे म्हणजे ४०० नगांना ४० तास, आणि तेही दुसऱ्या कोणाचे काम त्या मशीनवर नसेल तर. ‘सोमवार’ हा शब्द गेज वेळेवर परत येईल या आशेवर उभा होता, हे आता उघड झाले.

त्यावर पुन्हा एकच विधान करा: “म्हणजे सोमवार गेजवर अवलंबून आहे.” काका “हो ना, आणि लॅबवाले शनिवार दुपार म्हणतायत, पण त्यांचं काही खरं नसतं” असे म्हणाले, की ऐकण्याचे काम पुरे झाले आणि खातरजमेची वेळ आली. तेव्हा आडपडदा न ठेवता आकडे बोला: “गेज शनिवारी दुपारपर्यंत आलं तर सोमवारी सगळे ४००. नाही आलं, तर सीएमएमवर बघून सोमवारी किती देता येतील?” ते १५० म्हणाले, तर १५० आणि उरलेल्या २५० ची तारीख, एवढ्या दोनच गोष्टी त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. त्यात भावना, कारणे, आभार काहीही नको. लेखी निरोपात आवाजाचा उतार कळत नाही, म्हणून अंदाजाची विधाने समोरासमोर किंवा फोनवरच करावीत आणि लिहायची ती केवळ खातरजमा.

आपले विधान लागू पडले की नाही, हे समोरच्याच्या पुढच्या वाक्यावरून कळते. “हो, आणि...” किंवा “तसं नाही, झालं असं की...” ही दोन्ही उत्तरे सारखीच चांगली, कारण दोन्हींत तो पुढे बोलतो. “हो हो, बरोबर” म्हणून त्याने मान संगणकाकडे वळवली, तर त्याला संभाषण संपवायचे आहे. तो होकार समजू नये. आणि त्याने तेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात पुन्हा म्हटले, तर तुम्ही भलताच भाग उचलला आहे. लोक एकच गोष्ट तीनदा सांगतात, ती बहुधा पहिल्या दोन वेळा ती कोणी घेतली नाही म्हणून.

भावनांबाबत थोडी जास्त सावधगिरी बाळगा. प्रशिक्षणांत भावनेला नाव द्यायला सांगतात, पण आपल्या ऑफिसात “काका, तुम्ही चिडलात” हे वाक्य आरोपासारखे ऐकू येते आणि “मी कुठे चिडलोय?” असा नवाच वाद सुरू होतो. त्यापेक्षा ज्या परिस्थितीमुळे ती भावना आली, ती सांगा: “या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं.” भावनेचा उल्लेख करायचाच झाला, तर तो प्रत्यक्षापेक्षा एक पायरी खालचा ठेवा. माणूस संतापलेला असेल, तर “वैताग आणणारंच आहे हे” म्हणा. कमी बोललात तर तो “वैताग? डोकं फिरायची वेळ आलीय” असे म्हणून स्वतःच वरची पायरी सांगतो, जास्त बोललात, तर तो मागे सरतो आणि बोलणे आवरते घेतो.

आता तुमची मान्यतेची शंका. “नाव तुमचं येतं” असे म्हणण्याने तुम्ही स्वतःवर दोष घेतलेला किंवा मशीन शॉपवर ठेवलेला नसतो. काकांना परिस्थिती कशी दिसते, एवढेच तुम्ही सांगितलेले असते. गोंधळ होतो तो त्याला ‘पण’ जोडून लगेच आपली बाजू मांडल्याने, कारण ‘पण’च्या आधीचे सगळे मग केवळ औपचारिक वाटते. आधी त्यांच्याकडून ‘हो, असंच आहे’ असे येऊ द्या. मग थोडे थांबून नव्या वाक्यात स्वतःचे म्हणा: “माझी अडचण अशी, की गाडी आदल्या दिवशी दुपारी सांगावी लागते आणि रद्द केली तरी भाडं भरावं लागतं.” मतभेद असेल, तर तोही याच जागी आणि स्पष्ट मांडावा. ऐकून घेतलेला माणूस असा विरोध बऱ्याचदा पचवतो, निदान त्याचे कारण तरी ऐकतो.

हे सगळे दुपारच्या मीटिंगमध्ये, जिथे त्या दिवशी हशा झाला तिथे, करू नका. काकांच्या टेबलाशी, आजूबाजूला कोणी नसताना करा, आणि प्रत्येक वाक्यावर तर मुळीच नको. ‘रिपोर्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे?’ याला सरळ उत्तर हवे असते, आणि लाइन थांबली असताना कोणाच्या मनात काय आहे याचा शोध घेत बसणे म्हणजे चक्क छळ. ज्या वाक्यात ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘दर वेळी’, ‘आम्हालाच’ असे काही येईल तिथे थांबावे, कारण त्या शब्दांच्या मागे बहुतेक वेळा एखादी अट किंवा जुनी तक्रार असते.

एक गोष्ट मात्र या पद्धतीने सुटणार नाही. क्वालिटी विभागाकडे खरोखरच एकच गेज असेल आणि ते दर वेळी गर्दीच्या दिवसांतच कॅलिब्रेशनला जात असेल, तर तुम्ही कितीही छान ऐकलेत तरी माल उशिराच निघेल. तेव्हा काकांशी बोलून दुसऱ्या गेजची मागणी तुम्हा दोघांच्या नावाने प्लांट हेडकडे पाठवा, आणि सोबत गेल्या काही महिन्यांत हुकलेल्या तारखा आणि त्या त्या दिवशी गेज कुठे होते याची नोंद जोडा. ती नोंद काकांकडे तयार असण्याची शक्यता बरीच आहे. आजवर ती त्यांच्याकडे कोणी मागितली नसावी.