भाजीत दहा वाचवले, फ्रिजमध्ये साडेतीन हजार गेले

अरे, हिशोब लिहायला लागलास ते बरं केलंस, पण पहिल्याच महिन्यात सगळे करतात ती चूक तूही करतोयस, कोथिंबिरीचे पाच रुपये लिहिलेत आणि फ्रिजची नुसती एक ओळ.

मी पण तेच केलं होतं. दादरला स्टेशनबाहेर भाजीवालीशी दहा रुपयांसाठी पाच मिनिटं हुज्जत, ती शेवटी वैतागून "घ्या ताई" म्हणाली. त्याच संध्याकाळी ४२,००० चा फ्रिज घेतला, काउंटरवरचा मुलगा म्हणाला एक्स्टेंडेड वॉरंटी ३,४९९ फक्त, मी मान हलवली, दहा सेकंदात! आता बघ, महिन्याला २६ दिवस रोज दहा वाचवले तरी वर्षाचे ३,१२० होतात, वॉरंटीएवढेही नाहीत.

असं होतं कारण आपण रुपये मोजत नाही, टक्के मोजतो. चाळीसच्या भाजीत दहा म्हणजे पाव हिस्सा, ४२,००० पुढे ३,४९९ म्हणजे किरकोळ. १९८१ चा ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे, १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर ५ डॉलर वाचवायला ६८ टक्के लोक वीस मिनिटं लांबच्या दुकानात जायला तयार, १२५ च्या कॅल्क्युलेटरवर तेच ५ डॉलर तर फक्त २९ टक्के.

सध्या एवढंच कर:
- मोठ्या बिलातली जोडवस्तू (वॉरंटी, स्टँड, इन्स्टॉलेशन) वेगळ्या ओळीत लिही, आणि ही एकटी विकत घ्यायला मी आलो असतो का ते विचार.
- वॉरंटीला त्याच दिवशी हो म्हणू नकोस, कंपनीची मूळ वॉरंटी किती वर्षं ते आधी वाच.

ईएमआयचं गणित नंतर बघू. आणि भाजीवालीला सोड रे.