व्रणाच्या प्रश्नात आधी दुखणे पाहा

वैद्यकीय परीक्षेत जननेंद्रियावरील व्रणाचा प्रश्न आला, की जंतूचे नाव आठवण्याआधी व्रण दुखतो का, हे वाचावे. समजा, संबंधानंतर 3 आठवड्यांनी तरुणाला एकच, न दुखणारा, कडक व स्वच्छ तळाचा व्रण आहे आणि जांघेतील गाठीही दुखत नाहीत. हा ट्रेपोनेमा पॅलिडममुळे होणारा सिफिलिस असून त्यावर बेंझाथीन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन देतात. परीक्षक येथे ‘व्हीडीआरएल निगेटिव्ह’ असे मुद्दाम घालतात (आणि बरेच जण तिथेच फसतात), परंतु व्रण नवा असताना ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डार्क-फील्ड तपासणीचा पर्याय शोधावा. व्रण मऊ, दुखरा, फाटक्या कडांचा आणि गाठी पुवाळलेल्या असतील, तर हिमोफिलस डुक्रेयी धरावा. त्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच तोंडावाटे देतात.